पुरवठादाराला दिलेली आगाऊ रक्कम बिलात वळती करताना दोनदा का धरली जाते आणि ते कसे टाळावे

प्रश्न : माल मागवताना पुरवठादाराला आगाऊ रक्कम देतो. त्याची पावती येते, ती मी खर्चात टाकतो. नंतर बिल येतं, तेही टाकतो. कधी बिलात आगाऊ वजा केलेली असते, कधी नसते. वर्षअखेरीला काही पुरवठादारांचा हिशेब बरोबर येतो, काहींचा खर्च जास्त दिसतो. एक्सेलमध्ये हे नीट कसं ठेवायचं?

उत्तर :

काही पुरवठादारांचा हिशेब बरोबर येतो तो योगायोगाने. तो योगायोग कसा घडतो ते आधी पाहू, कारण चूक नेमकी तिथेच दडलेली आहे.

समजा, एका पुरवठादाराला एकूण ४,००,००० ची ऑर्डर दिली. अट अशी की ३० टक्के आगाऊ द्यायचे आणि ते प्रत्येक बिलातून त्याच प्रमाणात वळते व्हायचे. १,२०,००० आगाऊ दोन हप्त्यांत गेले, आधी ८०,००० आणि मग ४०,०००. पुढे तीन बिले आली, १,५०,०००, १,००,००० आणि १,५०,००० ची. पहिल्या बिलात पुरवठादाराने ४५,००० आगाऊ वजा करून १,०५,००० देय दाखवले. दुसऱ्यात ३०,००० वजा करून ७०,००० दाखवले. तिसऱ्यात तो वजा करायला विसरला आणि पूर्ण १,५०,००० मागितले.

तुमच्या पद्धतीने दोन पावत्या खर्चात गेल्या, म्हणजे १,२०,०००. बिलांच्या तळाशी छापलेली देय रक्कम खर्चात गेली, १,०५,००० आणि ७०,०००. तिसऱ्या बिलातही ४५,००० वजा झाले असते, तर तिथे १,०५,००० लागले असते आणि एकूण खर्च बरोबर ४,००,००० दिसला असता. पण तिसऱ्यात वजावट नव्हती, म्हणून खर्च ४,४५,००० झाला. बिल पुरवठादार कसे छापतो यावर तुमचा खर्च ठरतो आहे, ही खरी अडचण. शिवाय बेरीज जुळली तरी काळ चुकतो. आगाऊ या वर्षी दिली आणि माल पुढच्या वर्षी आला, तर या वर्षी न आलेल्या मालाचा खर्च दाखवला जातो.

यातून सुटण्यासाठी एक गोष्ट पक्की धरावी लागते. आगाऊ रक्कम देणे म्हणजे खर्च नव्हे, ते पुरवठादाराकडून येणे आहे. माल आला आणि बिल आले की खर्च किंवा खरेदी होते, तीही बिलाच्या पूर्ण रकमेने. आणि आगाऊ बिलात वळती करणे म्हणजे पैसे देणे नव्हे. त्यात बँकेतून काहीच जात नाही, फक्त एक येणे आणि एक देणे एकमेकांना भिडवले जाते. या तिन्ही घटना वेगवेगळ्या दिवशी घडतात, म्हणून त्यांच्या नोंदीही वेगळ्या हव्यात.

वरच्या पहिल्या बिलासाठी जमाखर्च असा होतो. ८०,००० दिले त्या दिवशी पुरवठादार आगाऊ खाते नावे, बँक जमा. ४०,००० ची नोंद तशीच. बिल आले त्या दिवशी खरेदी नावे १,५०,०००, पुरवठादार जमा १,५०,०००. त्याच दिवशी वळतीची नोंद, पुरवठादार नावे ४५,०००, पुरवठादार आगाऊ खाते जमा ४५,०००. राहिलेले दिले त्या दिवशी पुरवठादार नावे १,०५,०००, बँक जमा १,०५,०००. खरेदी खात्याला या सगळ्यात एकदाच हात लागला, तोही बिलामुळे. पावती कितीही वेळा समोर आली तरी ती खरेदी खात्यापर्यंत पोचत नाही.

आता एक्सेल. एकाच शीटवर पावत्या, बिले आणि शिल्लक असे सगळे ठेवले की कोणती ओळ पैशाची आणि कोणती वळतीची हे दोन महिन्यांनी कळेनासे होते. चार शीट करावीत. Adv मध्ये दिलेली प्रत्येक आगाऊ रक्कम, Bills मध्ये बिले, Pay मध्ये बिलांपोटी दिलेले पैसे आणि Adjust मध्ये वळती.

Adv मध्ये A ते G असे रकाने ठेवा : आपला क्रमांक, तारीख, पुरवठादार, ऑर्डर क्रमांक, रक्कम, बँक संदर्भ, पुरवठादाराचा पावती क्रमांक. Bills मध्ये आपला क्रमांक, तारीख, पुरवठादार, ऑर्डर क्रमांक, बिलाची पूर्ण रक्कम, पुरवठादाराचा बिल क्रमांक. Pay मध्ये तारीख, बँक संदर्भ, आपला बिल क्रमांक, रक्कम. Adjust मध्ये तारीख, आगाऊचा क्रमांक, बिलाचा क्रमांक, रक्कम. शिल्लक कुठेही हाताने लिहायची नाही. हाताने लिहिलेली शिल्लक एकदा बदलायची राहिली की पुढे सगळे तिच्यावर विसंबून चुकते.

Adv मध्ये पुढच्या रकान्यात शिल्लक आगाऊ आणि Bills मध्ये देय बाकी अशी काढा :

```
Adv!H2:    =E2-SUMIFS(Adjust!D:D,Adjust!B:B,A2)
Bills!G2:  =E2-SUMIFS(Adjust!D:D,Adjust!C:C,A2)-SUMIFS(Pay!D:D,Pay!C:C,A2)
```

Adjust मधली एकच ओळ दोन्हीकडे वाचली जाते. आगाऊ ४५,००० ने कमी होते तेव्हाच बिलाचे देणेही तेवढ्यानेच कमी होते, एका बाजूला नोंद झाली आणि दुसरीकडे राहिली असे घडू शकत नाही. वळतीसाठी वेगळे शीट करण्याचे कारण एवढेच, पण ते पुरेसे आहे.

आपल्या उदाहरणात Adv मध्ये A-01 ८०,००० ची आणि A-02 ४०,००० ची ओळ आहे. Adjust मध्ये पहिल्या बिलासाठी A-01 मधून ४५,०००. दुसऱ्या बिलाच्या ३०,००० पोटीही A-01 मधूनच, मग तिथे ५,००० उरतात. तिसऱ्या बिलाचे ४५,००० दोन ओळींत जातात, A-01 मधले उरलेले ५,००० आणि A-02 मधले ४०,०००. एका वळतीला दोन आगाऊ लागल्या तर दोन ओळी करायच्या, एका रकान्यात दोन क्रमांक कोंबायचे नाहीत, नाहीतर SUMIFS ला त्यातला एकही सापडत नाही. एकाच ऑर्डरच्या अनेक आगाऊ रकमा असतील तर आधीची आधी संपवावी. दुसऱ्या ऑर्डरची आगाऊ मात्र ओढून आणू नये. तसे केले तरी पुरवठादाराची एकूण बाकी बरोबर दिसते, पण एक ऑर्डर पूर्ण होऊनही तिची आगाऊ पडून राहते आणि दुसऱ्या ऑर्डरवर जेवढे आगाऊ आहे त्यापेक्षा कमी दिसते.

किती वळते करायचे हे करारावरून ठरते. करारात प्रमाणात वजा करायचे असेल आणि तुम्ही पहिल्याच बिलात सगळे १,२०,००० वळते केले, तर पुरवठादाराच्या लेखी तुमच्याकडून ७५,००० येणे बाकी राहते आणि तो थकबाकीचा तगादा लावतो. करारात काहीच लिहिलेले नसेल तर पहिल्या बिलात जेवढे बसेल तेवढे वळते करणे मला जास्त योग्य वाटते, कारण आगाऊ जितके दिवस मोकळी राहते तितकी ती विसरली जाण्याची शक्यता वाढते. मात्र तसे करताना पैसे पाठवतेवेळी कोणत्या आगाऊपैकी किती वजा केले ते पुरवठादाराला लेखी कळवावे.

बिल नोंदवताना Bills मध्ये नेहमी मालाची पूर्ण रक्कम येते, तळाशी छापलेली देय रक्कम नाही. ती ओळखायची खूण सोपी आहे, मालाच्या ओळींची बेरीज करा. ती १,५०,००० असेल आणि तळाशी १,०५,००० असेल, तर मधली वजावट आगाऊची आहे की सवलतीची ते वाचा. सवलत असेल तर खरेदीच कमी होते. आगाऊ असेल तर खरेदी तेवढीच राहते, देणे कमी होते. काही सॉफ्टवेअरमध्ये बिलाच्या आत उणे रकमेची ओळ टाकता येते आणि ती खरेदी खात्यालाच लागते. तिथे आगाऊची वजावट टाकली की खर्च कमी दिसतो आणि आगाऊ खात्यात रक्कम तशीच उभी राहते. दोनदा धरण्याच्या उलट चूक आहे ही, पण मूळ तेच.

आता पावत्या. दोनदा धरणे बहुतेक वेळा इथून सुरू होते, कारण एकाच पैशाचे तीन-चार कागद येतात. बँकेची ओळ असते, पुरवठादाराची पावती असते, त्याच पावतीचा मोबाइलवर काढलेला फोटो असतो आणि कधी ऑर्डरच्या शेवटी सगळ्या आगाऊची मिळून एक एकत्रित पावतीही येते. वरच्या उदाहरणात ८०,००० आणि ४०,००० च्या पावत्या नोंदवल्यावर १,२०,००० ची एकत्रित पावती आली, तर तिचा क्रमांक नवा, तारीख नवी आणि रक्कमही वेगळी. रक्कम जुळवून दुहेरी नोंद शोधणाऱ्याला ती सापडतच नाही. आगाऊ २,४०,००० दिसू लागते.

म्हणून नोंदीचे मूळ पावती नसून बँकेतून गेलेली रक्कम असावी. पैसे गेले की Adv मध्ये ओळ उघडा, बँक संदर्भ लिहा, पावतीचा रकाना रिकामा ठेवा. पावती आली की नवी ओळ नाही, त्याच ओळीत तिचा क्रमांक भरा आणि कागदावर A-01 असे लिहून ठेवा. ज्या पावतीला रिकाम्या रकान्याची ओळ सापडत नाही ती थांबवून पाहायची. ती एकतर आधीच्याच पैशाची आहे, नाहीतर पैसे रोख किंवा दुसऱ्या खात्यातून गेले आहेत. रोखीत मात्र बँकेची ओळ नसते, तिथे आपले रोख व्हाउचर हा मूळ दस्तऐवज. त्याचा क्रमांक बँक संदर्भाच्या रकान्यात लिहा.

प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पाहून बिल नोंदवणे ही याच जातीची चूक आहे. आगाऊ मागण्यासाठी पुरवठादार प्रोफॉर्मा पाठवतो, ते दिसायला अगदी बिलासारखे असते. पण ती फक्त मागणी असते, तिच्यामुळे माल आलेला नसतो. ती Bills मध्ये गेली तर पुढे खरे बिल आल्यावर खरेदी दुप्पट होते. प्रोफॉर्मा ऑर्डरच्या कागदांना जोडून ठेवा, हिशेबात घेऊ नका.

दुहेरी बँक संदर्भ शोधायला लोक बहुधा COUNTIF वापरतात. तिथे एक खड्डा आहे. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपते. त्यापेक्षा लांब संदर्भ संख्या म्हणून टाकला तर पुढचे अंक शून्य होतात. रकाना आधीच Text केला तरी COUNTIF अंकांसारख्या दिसणाऱ्या मजकुराला संख्या समजून तुलना करते. त्यामुळे पहिले १५ अंक सारखे असलेले दोन वेगळे संदर्भ तिला एकच वाटतात. रकाना Text ठेवून हे सूत्र वापरा :

```
=SUMPRODUCT(--($F$2:$F$500=F2))>1
```

TRUE आले तर लगेच ओळ पुसू नका. एकाच हस्तांतरणातून दोन ऑर्डरची आगाऊ गेली असेल तर दोन ओळी बरोबरच आहेत. त्यांची बेरीज बँकेच्या ओळीइतकी येते का ते पाहा. जास्त आली तर एक ओळ खोटी आहे.

ऑर्डर रद्द झाली आणि आगाऊचा काही भाग परत आला, तर Adjust मध्येच बिल क्रमांकाच्या जागी REFUND लिहून परत आलेली रक्कम टाका. शिल्लक आगाऊ आपोआप कमी होते आणि कोणत्याही बिलाला धक्का लागत नाही. परतावा उत्पन्न म्हणून नोंदवू नये, आपलेच येणे वसूल झाले आहे. बिल रद्द झाले तर आधीची वळतीची ओळ पुसायची नाही, तीच रक्कम उणे चिन्हाने नव्या तारखेला लिहायची. ओळ पुसली की मागच्या महिन्याचा ताळमेळ बदलतो आणि का बदलला याचा मागमूस राहत नाही.

माल परत गेला आणि पुरवठादाराने क्रेडिट नोट दिली, तर ती Adv मध्ये टाकण्याचा मोह होतो, कारण तीही पुढच्या बिलात वजा व्हायची असते. तसे करू नये. क्रेडिट नोटेत पैसे गेलेले नसतात, खरेदी कमी झालेली असते. ती Bills मध्येच उणे रकमेने, आपला वेगळा क्रमांक देऊन लिहावी. Adv मध्ये फक्त खरोखर बाहेर गेलेला पैसा राहिला, तरच तिची बेरीज बँकेशी जुळवता येते. सुरक्षा ठेवही Adv मध्ये नको, कारण ती बिलात वळती होत नाही, व्यवहार संपल्यावर परत येते.

काही ठिकाणच्या कायद्यानुसार आगाऊवरच कर लागतो आणि पुरवठादार तिचे स्वतंत्र कर-बिल देतो. तेव्हा रक्कम आणि कर वेगळे ठेवावे लागतात. दहा टक्के कर धरला आणि १,००,००० आगाऊवर १०,००० कर दिला, तर Adv मध्ये १,००,००० जातात, १०,००० कर खात्यात. अंतिम बिल ४,००,००० अधिक ४०,००० कर असे असले तरी त्यातून १,००,००० आणि १०,००० वजा होऊन नवा कर ३०,००० च असतो. अंतिम बिलावरचा ४०,००० कर पूर्ण नोंदवला तर खरेदी बरोबर राहूनही कर ५०,००० होतो. ही चूक खर्च तपासून सापडत नाही, कर खातेच उघडून पाहावे लागते. तुमच्याकडे हा कर केव्हा लागतो आणि त्याची वजावट केव्हा घेता येते, ते मात्र स्थानिक नियमावरूनच ठरवा.

महिन्याअखेरीला तपासण्यासारख्या गोष्टी मोजक्याच आहेत. Adv मधल्या शिल्लक आगाऊची बेरीज खतावणीतल्या पुरवठादार आगाऊ खात्याच्या बाकीइतकी आली पाहिजे. त्या महिन्यात Adv आणि Pay मध्ये आलेल्या ओळींची बेरीज त्या पुरवठादारांना बँकेतून आणि रोखीने गेलेल्या रकमेइतकी हवी. Adjust ची बेरीज यात कधीच मिसळायची नाही. शिल्लक कुठे उणे दिसली तर तीच आगाऊ दुसऱ्यांदा वळती झाली आहे किंवा क्रमांक चुकला आहे. आणि ज्या ऑर्डरचा सगळा माल आला तिच्यावर आगाऊ शिल्लक दिसत असेल, तर ते सर्वांत आधी पाहा. उदाहरणातल्या तिसऱ्या बिलाचे पूर्ण १,५०,००० देऊन टाकले असते तर Adv मध्ये ४५,००० उरले असते, A-01 वर ५,००० आणि A-02 वर ४०,०००, तेही पूर्ण झालेल्या ऑर्डरवर. ते पुरवठादाराकडे गेलेले जादा पैसे आहेत. खर्च ४,००,००० च दिसतो, म्हणून नफ्यातोट्यावरून ही गोष्ट कळत नाही, शिल्लक आगाऊच्या यादीतूनच कळते. तीन महिन्यांतून एकदा पुरवठादाराकडून खातेउतारा मागवून त्याच्याकडची आगाऊची बाकी आणि आपली बाकी ऑर्डरवार ताडून पाहावी.

राहिला जुना गोंधळ. प्रत्येक पुरवठादाराची पूर्ण झालेली ऑर्डर घ्या आणि खरेदी खात्यातला तिचा आकडा बिलांच्या पूर्ण बेरजेशी ताडा. ४,००,००० च्या ऑर्डरला ५,२०,००० दिसले तर पावत्या आणि पूर्ण बिले दोन्ही खर्चात गेली आहेत. ४,४५,००० दिसले तर फरक एका बिलाच्या न झालेल्या वजावटीएवढा आहे. २,८०,००० दिसले तर आगाऊ योग्य खात्यात आहे, पण बिले निव्वळ रकमेने नोंदवली आहेत. फरकाचा आकडाच चुकीची जात सांगतो. मग बँक स्टेटमेंटवरून Adv नव्याने भरा, बिले पूर्ण रकमेने भरा, आणि ज्या पावत्या खर्चात गेल्या असतील त्यांची रक्कम खर्च जमा, पुरवठादार आगाऊ खाते नावे अशा एका दुरुस्ती नोंदीने हलवा. निव्वळ नोंदवलेल्या बिलांसाठी राहिलेली वजावट खरेदी नावे, पुरवठादार जमा अशी घ्या आणि मग वळती करा. बंद झालेल्या वर्षाच्या नोंदी मागे जाऊन बदलू नका. दुरुस्ती चालू वर्षात, स्पष्ट तपशील लिहून, हिशेब तपासनिसाला दाखवून करा, कारण मागच्या वर्षाचा नफा त्याने बदलतो आणि त्यावर भरलेला करही.